डेक्सा रिपोर्टमधले कुठले आकडे आपल्या कामाचे?

पाळी थांबून चार-पाच वर्षं झाली की "एकदा बोन डेन्सिटी करून घ्या" असं कुणी ना कुणी सांगतंच. गुडघे दाखवायला गेलं की हाडांचे डॉक्टर सांगतात, तपासणीला गेलं की स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात, आणि २० ऑक्टोबरच्या जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिनाच्या आसपास तर शिबिरांचे फलक लागतात. तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते. खरी अडचण रिपोर्ट हातात पडल्यावर सुरू होते. कमरेच्या मणक्यांचं धूसर चित्र, शेजारी हिरवा-पिवळा-लाल पट्टा, दशांश चिन्हांनी भरलेले दोन-तीन तक्ते आणि तळाशी एकच ओळ: "ऑस्टिओपेनिया". त्या एका ओळीवरून कुणी घाबरून घरात चालणंफिरणं कमी करतं, तर कुणी "म्हणजे अजून काही नाही" म्हणून कागद फाइलला लावून टाकतं. माझ्या मते दोघांचीही फसगत होते, कारण त्या कागदावर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक मिसळून छापलेल्या असतात.

पहिली गोष्ट मोजमापाची. शरीरातल्या कुठल्या जागी किती आकडा आला, एवढंच ती सांगते. दुसरी वर्गाची, म्हणजे त्या आकड्यांवरून नॉर्मल, ऑस्टिओपेनिया की ऑस्टिओपोरोसिस हे ठरवण्याची. तिसरी धोक्याची. येत्या काही वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती, हे ती सांगते, आणि आपल्याला खरं तर तेवढंच हवं असतं. मोजमाप नीट तपासल्याशिवाय वर्गावर विश्वास ठेवता येत नाही, आणि नुसत्या वर्गावरून धोका कळत नाही. म्हणून रिपोर्ट याच क्रमाने उलगडू.

मशीन नेमकं काय मोजतं

या तपासणीला डेक्सा म्हणतात. टेबलावर झोपवून अंगावरून मशीनचा एक हात फिरतो आणि दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण सोडले जातात. हाड आणि मांस हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्या फरकावरून हाडातलं खनिज वेगळं काढता येतं. किरणांची मात्रा छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही कमी असते, त्यामुळे त्या भीतीने तपासणी टाळायचं कारण नाही.

उत्तर मिळतं ते "ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर" या मापात. यालाच रिपोर्टमध्ये बीएमडी म्हणतात. हे माप घन सेंटीमीटरचं नाही, चौरस सेंटीमीटरचं आहे, ही बारीक गोष्ट फार कामाची आहे. मशीनला हाडाची जाडी दिसत नाही, फक्त सावली दिसते. त्या सावलीत एकूण किती ग्रॅम खनिज आहे ते मोजायचं आणि सावलीच्या क्षेत्रफळाने भागायचं, एवढाच हिशेब. साडीचा पदर एकेरी धरून उजेडाकडे पाहिला तर विरळ वाटतो, आणि घडी घालून धरला तर दाट. कापड मात्र तेवढंच असतं. डेक्साचा आकडाही याच कारणाने कधीकधी फसवा निघतो. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

"पण माझा एक्स-रे तर नॉर्मल होता" असं पुष्कळजण म्हणतात. साध्या एक्स-रेमध्ये हाड विरळ झालेलं डोळ्यांना दिसायला साधारण तिसरा हिस्सा खनिज निघून जावं लागतं. त्याआधीची झीज एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तर डेक्सा लागतो.

टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर

नुसत्या बीएमडीवरून काही कळत नाही. तो जास्त की कमी, हे कुणाच्या तरी तुलनेत ठरवावं लागतं. टी-स्कोअरमध्ये ही तुलना निरोगी तरुण स्त्रियांशी होते, म्हणजे हाडं सर्वांत भरलेली असतात त्या वयाशी. झेड-स्कोअरमध्ये ती आपल्याच वयाच्या लोकांशी होते.

खुब्याच्या हाडाची जी अरुंद मान असते, तिला रिपोर्टमध्ये फीमोरल नेक म्हणतात. एका प्रचलित कंपनीच्या मशीनवर या जागेसाठी तरुण स्त्रियांची सरासरी ०.८५८ धरलेली आहे, आणि माणसामाणसांतला नेहमीचा फरक, म्हणजे प्रमाण विचलन, ०.१२० आहे. समजा एखाद्या बाईंचा आकडा ०.६४० आला. हिशेब असा:

(०.६४० − ०.८५८) ÷ ०.१२० = −१.८

हाच टी-स्कोअर. तरुण सरासरीच्या खाली हा आकडा किती पायऱ्या आहे, ते तो सांगतो. उणे चिन्ह दिसलं म्हणजे रोग झाला असं मुळीच नाही. साठीच्या बहुतेक सगळ्या बायकांचा टी-स्कोअर उणेच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये यावर सीमारेषा आखल्या. −१.० किंवा त्याच्या वर नॉर्मल. −१.० आणि −२.५ च्या मध्ये ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडातलं खनिज कमी. −२.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. या रेषा पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी आखल्या गेल्या, आणि पुढे पन्नाशीपुढच्या पुरुषांनाही लावल्या जाऊ लागल्या. तीस-पस्तिशीच्या, पाळी चालू असलेल्या मुलीच्या रिपोर्टवर टी-स्कोअर पाहून "ऑस्टिओपोरोसिस" लिहिलेलं दिसलं, तर तो शब्द तिथे चुकीचा आहे. या वयात झेड-स्कोअर पाहतात. तो −२.० किंवा खाली असेल तर "वयाच्या मानाने कमी" एवढंच म्हणतात आणि कारण शोधायला लागतात.

एक रिपोर्ट, ओळीने

आता एक रिपोर्ट घेऊ. आकडे मी उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण असे रिपोर्ट रोज निघतात. काकू ६३ वर्षांच्या. वजन ५८ किलो. लग्नाच्या वेळी उंची १५४ सेंटीमीटर होती, आता १५० भरते. आईचा खुबा म्हातारपणी मोडला होता. काकूंचं स्वतःचं हाड आजवर मोडलेलं नाही, स्टिरॉइडची गोळी कधी घेतलेली नाही.

कमरेच्या मणक्यांचा तक्ता पाहू. एल-१ चा टी-स्कोअर −२.७, एल-२ चा −२.८, एल-३ चा −२.५ आणि एल-४ चा −०.४. चारही मिळून एल-१ ते एल-४ चा आकडा −२.१. खुब्याच्या तक्त्यात फीमोरल नेक −१.८, टोटल हिप −१.६, ट्रोकँटर −१.४ आणि वॉर्ड्स −३.१. खाली निष्कर्ष: ऑस्टिओपेनिया.

यातल्या कुठल्या ओळी धरायच्या? तीनच. कमरेच्या मणक्यांचा एकत्रित आकडा, फीमोरल नेक आणि टोटल हिप. या तिघांतला जो सर्वांत खालचा, त्यावरून वर्ग ठरतो. वॉर्ड्सचा −३.१ पाहून काकूंच्या मुलाची झोप उडाली असेल, पण वॉर्ड्स ही खुब्यातली एक इवलीशी चौकट आहे. इतक्या छोट्या जागेचं माप दरवेळी बदलतं आणि ते जवळजवळ सगळ्यांचंच कमी येतं, म्हणून निदानासाठी ते वापरायचं नसतं. ट्रोकँटरही निदानात धरत नाहीत. मशीन त्या ओळी छापतं म्हणून त्या कागदावर येतात, इतकंच.

मनगटाजवळचं, कोपराखालच्या हाडाचं माप काही वेळा लागतं. दोन्ही खुब्यांत कृत्रिम सांधे बसवले असतील, वजन इतकं असेल की टेबल पेलणार नाही, किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार असेल, तेव्हा ते करायचं. काकूंना त्याची गरज नाही.

तो चौथा मणका

आता मणक्यांच्या तक्त्याकडे परत येऊ, कारण काकूंच्या रिपोर्टची खरी मेख तिथेच आहे. तीन मणके −२.५ ते −२.८ मध्ये आहेत आणि चौथा एकदम −०.४. एकाच बाईच्या एकाच पाठीतले शेजारशेजारचे मणके इतके वेगळे नसतात. शेजारच्या दोन मणक्यांत एकाहून जास्त टी-स्कोअरचा फरक दिसला, तर त्यातला एक खोटं बोलतोय असं समजून तो वगळायचा, असा नियम आहे. इथे एल-३ आणि एल-४ मध्ये २.१ चा फरक आहे.

खोटं बहुतेक वेळा उंच आकडाच बोलतो. वय वाढलं की मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे फुटतात, मागचे छोटे सांधे झिजून जाड होतात. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, आणि ती तर मणक्यांच्या अगदी समोरच असते. मशीनला हे सगळं एकाच सावलीत दिसतं. ते खनिज मोजतं. त्यातलं कुठलं शरीराचा भार पेलतं आणि कुठलं नाही, हे त्याला कळत नाही.

याहून गंभीर शक्यता म्हणजे तो मणका दबलेला असणं. समजा एका मणक्यात ११.२ ग्रॅम खनिज आहे आणि त्याची सावली १४ चौरस सेंटीमीटर आहे. घनता झाली ०.८०. तो मणका दबून त्याची उंची पाचव्या हिश्शाने कमी झाली, तर सावली ११.२ चौरस सेंटीमीटर उरते. खनिज तेवढंच, मग घनता येते १.००. म्हणजे मोडलेला मणका कागदावर न मोडलेल्यापेक्षा चांगला दिसतो! रिपोर्ट वाचताना होणाऱ्या चुकांमध्ये ही मला सर्वांत धोक्याची वाटते. जिथे हाड आधीच हरलेलं असतं, नेमकं तिथेच हिरवा पट्टा दिसतो.

काकूंची उंची ४ सेंटीमीटरने कमी झाली आहे. तरुणपणच्या उंचीपेक्षा इतकी घट दिसली, तर पाठीचा आडव्या बाजूने काढलेला एक्स-रे किंवा डेक्सा मशीनवरच काढलेलं मणक्यांचं बाजूचं चित्र पाहायला हवं. मणका दबताना दरवेळी दुखतोच असं नाही. कित्येक बायकांना तो दबल्याचं कळतही नाही. कंबर दुखते ती वयामुळे, अशीच त्यांची समजूत असते. काकूंच्या एक्स-रेत मणका दबलेला नव्हता, पण एल-४ भोवती काट्यांची गर्दी होती. उंचीतली घट मणक्यांमधल्या चकत्या झिजल्याने आणि पाठ थोडी वाकल्याने झाली असावी.

म्हणून एल-४ वगळायचा आणि एल-१ ते एल-३ चा आकडा मशीनवरून पुन्हा काढून घ्यायचा. आपण कॅल्क्युलेटरवर सरासरी काढून चालत नाही. मशीन उरलेल्या मणक्यांचं खनिज आणि क्षेत्रफळ एकत्र करून नवा टी-स्कोअर देतं. निदान दोन तरी मणके उरले पाहिजेत. एकट्या मणक्यावरून निदान करत नाहीत. काकूंचा नवा आकडा आला −२.७.

एका ओळीने वर्ग बदलला. आधी तिघांतला सर्वांत खालचा आकडा −२.१ होता, म्हणजे ऑस्टिओपेनिया. आता तो −२.७ आहे, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. हाडं कालही तशीच होती. कालचा कागद फक्त नीट वाचला गेला नव्हता.

चित्रातही दोन गोष्टी पाहून घ्याव्यात, त्याला डॉक्टर असायला लागत नाही. पाठीच्या चित्रात कणा साधारण मधोमध आणि सरळ असावा. खुब्याच्या चित्रात पाय थोडा आत वळवलेला असावा. पाय नीट वळवला नाही तर खुब्याची मान तिरकी दिसते आणि तिचा आकडा बदलतो. मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा चित्रात मोठा, टोकदार दिसत असेल, तर पाय बाहेरच्या बाजूला पडलेला होता असं समजावं.

वर्ग कळला, आता धोका

"ऑस्टिओपोरोसिस" हा शब्द ऐकल्यावर पुढचा प्रश्न असतो: म्हणजे माझं हाड मोडणार का? याचं उत्तर टी-स्कोअरमध्ये नाही. एकाच वयाच्या दोन बायकांत एकीचा खुब्याचा टी-स्कोअर १ ने कमी असेल, तर खुबा मोडण्याचा धोका साधारण अडीच पट होतो, हे खरं. पण −२.५ हा आकडा पन्नाशीच्या बाईचा असेल तर धोका वेगळा, आणि ऐंशीच्या आजींचा असेल तर कितीतरी पट जास्त. आजी पडण्याची शक्यता जास्त, पडताना हात टेकण्याची ताकद कमी, शिवाय हाडाची आतली वीणही जुनी झालेली. यातलं काहीच बीएमडीत उतरत नाही.

उलट बाजूही आहे. पडून हाड मोडलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा टी-स्कोअर −२.५ च्या वरच असतो. कारण साधं आहे: ऑस्टिओपेनियाच्या गटात बायकांची संख्याच फार मोठी असते. म्हणून "ऑस्टिओपेनियाच आहे" म्हणून निर्धास्त होता येत नाही. त्याचबरोबर ऑस्टिओपेनिया हे रोगाचं नाव आहे असंही नाही. तो आकड्यांचा एक टप्पा आहे. त्या टप्प्यातल्या एका बाईचा धोका नगण्य असू शकतो आणि दुसरीचा औषध लागेल इतका.

ही दरी भरायला फ्रॅक्स नावाचं गणकयंत्र वापरतात. ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात ते तयार झालं आणि २००८ मध्ये खुलं झालं. त्यात भारतासाठी वेगळा पर्याय आहे, तोच निवडायचा. ४० ते ९० वयासाठी ते चालतं. वय, लिंग, वजन, उंची विचारतं. आधी हलक्या मारानं हाड मोडलं होतं का, आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, दारू, स्टिरॉइडच्या गोळ्या, संधिवात (र्‍हुमॅटॉइड प्रकारचा), हाडं झिजवणारा दुसरा आजार, आणि शेवटी फीमोरल नेकचा आकडा. उत्तरात दोन टक्केवारी मिळतात: येत्या १० वर्षांत खुबा, पाठीचा मणका, मनगट किंवा खांदा यांपैकी काही मोडण्याची शक्यता, आणि एकट्या खुब्याची शक्यता.

समजा काकूंसाठी पहिली १० टक्के आणि दुसरी २ टक्के आली. याचा अर्थ काकूंचं हाड १० टक्के ठिसूळ झालं असा नाही. काकूंसारख्या १०० बायका घेतल्या, त्यांच्याइतक्याच वयाच्या, वजनाच्या, आईचा खुबा मोडलेल्या, तर १० वर्षांत त्यांतल्या १० जणींचं यांपैकी एखादं हाड मोडेल आणि ९० जणींचं मोडणार नाही. दोघींच्या बाबतीत ते हाड खुब्याचं असेल. काकू कुठल्या गटात जातील, हे कुणालाच सांगता येत नाही. रुग्णाला समजावताना "धोका दुप्पट आहे" असं म्हणण्यापेक्षा "शंभरात इतक्या" हे सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच, आणि वीसचे चाळीस झाले तरी दुप्पटच.

फ्रॅक्सला फक्त फीमोरल नेक दिसतो, मणके दिसत नाहीत. काकूंचा नेक −१.८ आणि मणके −२.७, म्हणजे कमजोर जागा गणिताबाहेरच राहिली. यासाठी एक ठोकताळा आहे. मणक्यांचा टी-स्कोअर नेकपेक्षा जितक्या पूर्ण अंकांनी कमी, तितके वेळा मोठ्या फ्रॅक्चरच्या टक्केवारीत तिचा दहावा हिस्सा मिळवायचा. इथे फरक ०.९, म्हणजे जवळपास १. मग १० चे झाले ११. फरक लहान आहे, पण आकडा कुठल्या बाजूला कलतो ते कळतं. फ्रॅक्सच्या आणखीही मर्यादा आहेत. आतापर्यंत किती वेळा पडलात, हे त्याच्या मूळ प्रश्नावलीत नाही. हाड एकदा मोडलं की चारदा, यात ते फरक करत नाही.

मग औषध कधी? इथे देशोदेशींच्या रेषा वेगळ्या आहेत. अमेरिकेत ऑस्टिओपेनिया असूनही मोठ्या फ्रॅक्चरची शक्यता २० टक्के किंवा खुब्याची ३ टक्के असेल, तर औषधाचा विचार करतात. ब्रिटनमध्ये ही रेषा वयानुसार सरकते. काकूंच्या बाबतीत मात्र फ्रॅक्सच्या रेषेची वाट पाहावी लागत नाही. टी-स्कोअर −२.७ हेच औषधाचा विचार करायला पुरेसं कारण आहे. आणि मणका किंवा खुबा हलक्या मारानं मोडला असेल, तर टी-स्कोअर −१.५ असो की −२.०, ते ऑस्टिओपोरोसिसच मानतात. तिथे पुरावा समोरच असतो, आकड्याची गरज उरत नाही.

औषधाआधी आणखी एक पायरी आहे, आणि आपल्याकडे ती वगळली जाते याचं मला वाईट वाटतं. ड जीवनसत्त्व फारच कमी असलं तर हाडात खनिज नीट बसत नाही, त्यालाही डेक्सा "कमी घनता" असंच म्हणतो. खनिज कमी बसलेलं हाड आणि झिजलेलं हाड डेक्साला वेगळं सांगता येत नाही. म्हणून रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, अल्कलाइन फॉस्फेटेज, किडनी आणि थायरॉइड, गरजेनुसार पॅराथायरॉइड हॉर्मोन आणि रक्ताच्या साध्या तपासण्या आधी करतात. ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून न काढता हाडांचं ताकदीचं इंजेक्शन दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीवर उतरू शकतं. झेड-स्कोअर −२.० च्या खाली असेल, तर या तपासण्या आणखी कसून करायच्या. वयामुळे होते तेवढ्यावर हे भागत नाही, दुसरं काहीतरी हाड खातंय, असा तो इशारा असतो.

तोच रिपोर्ट, नीट मांडलेला

काकूंचा रिपोर्ट आता असा लिहिता येईल. डॉक्टरांनी असा लिहून दिला तर उत्तमच, नाहीतर आपल्या फाइलमध्ये आपणच लिहून ठेवावा.

मोजमाप. कमरेचे मणके एल-१ ते एल-३: टी-स्कोअर −२.७, झेड-स्कोअर −१.१ (एल-४ वगळला, कारण काटे आणि शेजारच्या मणक्याशी २.१ चा फरक). फीमोरल नेक: ०.६४०, टी-स्कोअर −१.८. टोटल हिप: ०.७४७, टी-स्कोअर −१.६. मशीनची कंपनी, मॉडेल आणि कुठल्या बाजूचा खुबा ते. मणक्यांचा बाजूचा एक्स-रे: दबलेला मणका नाही.

वर्ग. ऑस्टिओपोरोसिस, कमरेच्या मणक्यांवरून. आजवर फ्रॅक्चर नाही.

धोका. येत्या १० वर्षांत मोठं फ्रॅक्चर होण्याची शक्यता शंभरात सुमारे ११, खुब्याची शंभरात २. धोका वाढवणाऱ्या गोष्टी: आईचा खुबा मोडला होता, उंची ४ सेंटीमीटरने कमी झाली.

पुढच्या डॉक्टरांना यावरून पाच मिनिटांत निर्णय घेता येतो, आणि काकूंनाही कळतं की भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही.

भारतीय बाईला गोऱ्या बाईशी का तोलायचं?

हा आक्षेप रास्त आहे. खुब्याच्या टी-स्कोअरसाठी जी तरुण स्त्रियांची सरासरी वापरतात, ती अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतली, २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रियांची आहे. आपल्या बायका सरासरीने ठेंगण्या, हाडं लहान. लहान हाडाची जाडीही कमी असते, आणि सावलीच्या हिशेबात ते उगाच विरळ दिसतं. काही मशीनमध्ये भारतीय किंवा आशियाई सरासरी निवडता येते, आणि ती निवडली की तोच बीएमडी कमी वाईट दिसतो.

तरीही एकच सरासरी सगळीकडे वापरावी असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि मला तो पटतो. −२.५ ही रेषा त्या सरासरीवरच बेतलेली आहे, आणि फ्रॅक्सही फीमोरल नेकचा टी-स्कोअर त्याच पायावर मागतं. पाया बदलून रेषा तीच ठेवली तर आकड्याला अर्थ उरत नाही. वेगवेगळ्या देशांत हाडं मोडण्याचं प्रमाण वेगळं असतं, हे फ्रॅक्सच्या देशानुसार बदलणाऱ्या गणितात धरलेलं आहेच. आपण एवढं करावं: रिपोर्टच्या तळाशी तुलना कुणाशी केली ते छापलेलं असतं, ते पाहावं. दोन केंद्रांचे टी-स्कोअर जुळत नसतील, तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

शिबिरात टाच ठेवून घेतलेला आकडा

शिबिरात पाय एका छोट्या यंत्रात ठेवतात आणि दोन मिनिटांत टी-स्कोअर देतात, ते अल्ट्रासाउंड असतं. टाचेतून ध्वनिलहरी किती वेगाने जातात, ते त्यात मोजतात. त्यावरून धोक्याचा अंदाज काही प्रमाणात येतो, पण −१.० आणि −२.५ या रेषा त्याला लागू होत नाहीत, कारण त्या डेक्साच्या खुबा-मणक्याच्या मापासाठी आहेत. टाचेच्या −२.६ वर कुणी ऑस्टिओपोरोसिसची गोळी लिहून देत असेल, तर आधी डेक्सा करायला सांगा. टाचेचा आकडा चांगला आला म्हणून आईचा खुबा मोडलेल्या बाईने डेक्सा टाळू नये, हेही तितकंच खरं.

पुन्हा कधी करायचा, आणि बदल खरा कधी मानायचा

औषध सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांनी तपासणी पुन्हा करतात. काकूंचा टोटल हिप ०.७४७ वरून ०.७२८ झाला, असं धरू. घरात लगेच चर्चा: औषध लागू पडलं नाही. पण ही घट अडीच टक्क्यांची आहे. त्याच बाईला टेबलावरून उठवून पुन्हा झोपवलं तरी आकडा थोडा हलतो. पाय किंचित वेगळा वळतो, चौकट किंचित सरकते. चांगल्या केंद्रातही टोटल हिपमध्ये ५ टक्क्यांहून कमी, मणक्यांत साधारण ५.३ टक्क्यांहून कमी आणि फीमोरल नेकमध्ये ७ टक्क्यांहून कमी फरक असेल, तर तो मोजण्यातलाच असू शकतो. काकूंच्या हाडात काही बदललं आहे, असं अडीच टक्क्यांवरून म्हणता येत नाही. केंद्राने स्वतःची चूक किती, हे मोजून ठेवलेलं असायला हवं. विचारलं तर चांगलं केंद्र ते सांगतं.

तुलना बीएमडीची करायची, टी-स्कोअरची नाही, आणि तीही त्याच मशीनवरच्या बीएमडीशी. एका कंपनीच्या मशीनवरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो, हाड तेच असलं तरी. मुलगा नाशिकहून पुण्याला गेला आणि काकूही त्याच्याकडे राहायला गेल्या, तर नव्या केंद्रातला पहिला रिपोर्ट नवी सुरुवात म्हणून धरायचा. तेच केंद्र मिळत असेल तर शक्यतो तिथेच जायचं, तोच खुबा मोजायला सांगायचा आणि एल-४ याही वेळी वगळायला सांगायचं. आधी एल-१ ते एल-३ आणि नंतर एल-१ ते एल-४ अशी तुलना झाली, तर काकूंची हाडं कागदावर एकदम सुधारलेली दिसतील. तपासणीच्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नये, कारण न विरघळलेली गोळी पोटात मणक्यांसमोर आली तर तीही मोजली जाते. बेरियम पाजून केलेली तपासणी नुकतीच झाली असेल, तर डेक्सा पुढे ढकलायचा. जुना रिपोर्ट सोबत नेताना फक्त निष्कर्षाचं पान नेऊ नये. चित्रं आणि तक्ते असलेली पानंही न्यावीत, कारण कुठला मणका वगळला होता ते त्यांच्यावरूनच कळतं.